सँक्शन लेटरचं मराठी करायचंय, व्याज-तारण-हप्ते कुठेही हलता कामा नयेत

रानजाई
नमस्कार मंडळी. भावाचं मसाल्याचं छोटं युनिट आहे कुपवाड एमआयडीसीत, भाड्याच्या गाळ्यात. पल्व्हरायझर आणि पाऊच पॅकिंगचं मशीन घ्यायला बँकेने १२ लाखांचं टर्म लोन मंजूर केलंय, मशिनरीचं कोटेशन १६ लाखांचं, वरचे ४ लाख त्याने घालायचे. तारणाला आमच्या थोरल्या काकांचं मिरजेतलं घर आहे आणि जामीनदारही काकाच. काकांना इंग्रजी वाचता येत नाही आणि त्यांचं म्हणणं एकच, पाच पानांवर सही करायची तर पाचही पानं मराठीत दे, तोंडी "थोडक्यात असं असं आहे" चालणार नाही. बरोबरच आहे, घर त्यांचं आहे. हे काम माझ्याकडे आलंय कारण घरात मीच लिहिणारी.

बाकीची पानं होतील, तीन कलमांवर अडले. मूळ पत्रात व्याजाचं असं आहे: रेपो रेट प्रेझेंटली ५.५० टक्के प्लस स्प्रेड ३.७५, इफेक्टिव्ह ९.२५ टक्के पर ॲनम, फ्लोटिंग, विथ मंथली रेस्ट्स, रिसेट क्वार्टर्ली. परतफेडीचं: ८४ महिने इन्क्लूडिंग मोरेटोरियम ऑफ ६ मंथ्स, ७७ इन्स्टॉलमेंट्स १५,३८५ च्या आणि शेवटची १५,३५५, पुढे लिहिलंय इंटरेस्ट टू बी सर्व्हिस्ड सेपरेटली ॲज अँड व्हेन ॲप्लाइड. तारणाचं: प्रायमरी म्हणजे मशिनरीचं हायपोथिकेशन, कोलॅटरल म्हणजे घराचं इक्विटेबल मॉर्गेज, आणि काकांची पर्सनल गॅरंटी.

माझा कच्चा मसुदा:
"व्याजदर ९.२५ टक्के, बदलता."
"मुदत ८४ महिने, पहिले ६ महिने हप्त्याला सुट्टी, नंतर दरमहा १५,३८५ चा हप्ता."
"मशिनरी व घर बँकेकडे तारण राहील."

वाचायला बरं वाटतंय पण कुठेतरी काहीतरी गळलंय असं वाटतं. जाणकारांनी बघा प्लीज.

भाऊसाहेब_मिरजकर
चांगलं झालंय की. एक सांगतो, मोरेटोरियम म्हणजे सहा महिने काहीही भरायचं नसतं, एक रुपयासुद्धा नाही. कोविडमध्ये सगळ्यांना मिळालं होतं तेच हे. तेव्हा "सुट्टी" शब्द एकदम करेक्ट आहे, काकांनाही लगेच समजेल.

पैठणी_आणि_पॅनकार्ड
हे तुम्ही घरी का करताय? नोटरीचा शिक्का असलेलं भाषांतर लागतं, माझ्या मुलाच्या व्हिसाच्या वेळी आम्ही जन्मदाखल्याचं करून घेतलं होतं, पानामागे पैसे घेतात पण काम पक्कं असतं. घरी केलेलं एम्बसीत चालत नाही.

रानजाई
@पैठणी ताई, एम्बसी नाहीये हो, काकांना वाचायला हवंय 😀 बँकेने भाषांतर मागितलेलंच नाही.

खतावणी
बँकेत कर्ज विभागात आयुष्य गेलं, आता निवृत्त आहे. तुमचा मसुदा वाचला. भाषा छान आहे पण तीनही कलमांत जे गळलंय त्याचे पैसे होतात, त्यामुळे एकेक करून लिहितो.

आधी परतफेड, कारण तिथे सगळ्यात मोठी गडबड होईल. तुमच्या मराठीवरून काकांची समजूत अशी होणार की सहा महिने काही नाही आणि सातव्या महिन्यापासून १५,३८५. पण पत्रातला १५,३८५ हा आकडा फक्त मुद्दलाचा आहे. १२ लाख भागिले ७८ करून बघा, १५,३८४ आणि काही पैसे येतात, वरच्या रुपयाला नेलं म्हणून ७७ हप्ते १५,३८५ चे आणि उरलेला शेवटचा १५,३५५ चा. यात व्याजाचा एक पैसा धरलेला नाही. व्याज वेगळं, "सर्व्हिस्ड सेपरेटली" म्हणजे तेच. १२ लाख पूर्ण उचलले असतील तर ९.२५ ने महिन्याचं व्याज साधारण ९,२५० होतं. म्हणजे सातव्या महिन्यात भावाने १५,३८५ अधिक ९,२५० असे २४,६३५ च्या आसपास भरायचेत. मग जसजसं मुद्दल कमी होईल तसतसं व्याज उतरत जाईल.

आणि मिरजकर साहेब, कोविडमधलं उदाहरण इथे लागू करू नका. २०२० मध्ये मार्च ते ऑगस्ट जी सवलत होती त्यात हप्ता पुढे ढकलता येत होता, पण व्याज चढतच होतं. इथे तर पत्रातच लिहिलंय की व्याज जेव्हा लागेल तेव्हा भरायचं. म्हणजे पहिल्या सहा महिन्यांतही दरमहा नऊ-सव्वानऊ हजार भरायचे आहेत. "सुट्टी" हा शब्द काढाच. सुट्टी फक्त मुद्दलाला आहे.

भाऊसाहेब_मिरजकर
बरं, व्याज चढतं हे मान्य. पण ते मुद्दलात मिळवतात ना? माझ्या मेव्हण्याच्या पोरीच्या एज्युकेशन लोनला तसंच झालं, कोर्स चालू असताना काही भरलं नाही, नंतर सगळं मिळून ईएमआय लागला.

खतावणी
तेही असतं, आणि म्हणूनच दोन्हींत फरक करायचा. व्याज मुद्दलात मिळवायचं असेल तर पत्रात तसं स्पष्ट असतं. या केसमध्ये तसं असतं तर सहा महिन्यांनी खात्याची बाकी साडेबारा लाखांच्या वर गेली असती आणि हप्त्याचा हिशेब १२ लाखांवर झालाच नसता. ७८ हप्त्यांची बेरीज बरोबर १२ लाखच येते. भाषांतर करताना ही बेरीज मारून बघायची सवय ठेवा, कोणता आकडा कशाचा आहे ते लगेच कळतं.

लेथवाला
माझं पण असंच झालं होतं पण उलटं. माझ्या वर्कशॉपचं सीसी, म्हणजे लागेल तसं उचलायचं कॅश क्रेडिट, आहे ६ लाखांचं. पत्रात लिहिलेलं मार्जिन स्टॉक २५ टक्के, डेटर्स ४० टक्के. आमच्या ओळखीच्या एकाने मराठी करून दिलं "स्टॉकवर नफा २५ टक्के". मी म्हटलं बँकेला माझा नफा कुठून कळला? 😂 नंतर ब्रँचमध्ये गेल्यावर कळलं की स्टॉकच्या किमतीतले २५ टक्के माझे, बाकीच्या ७५ वर बँक उचल देणार. लिमिट ६ लाख असलं तरी माझा स्टॉक ८ लाख, त्यातले २ लाख उधारीवर आणलेले, राहिले ६, त्याच्या ७५ टक्के साडेचार, आणि डेटर्स म्हणजे गिऱ्हाइकांकडून येणं १ लाख होतं त्याचे ६० हजार, म्हणजे उचल ५ लाख १० हजारच. मी ६ लाखांचा चेक फाडायला निघालेलो.

रानजाई ताई तुमच्या पत्रात पण मार्जिन असेल बघा, १६ लाखांतले ४ लाख म्हणजे तेच २५ टक्के.

रानजाई
हो आहे! मी "मार्जिन मनी" असंच ठेवलं होतं. आता "कर्जदाराचा स्वतःचा हिस्सा २५ टक्के, रु. ४,००,०००" असं करते. आणि हप्त्याचं वाचून तर मला धडकीच भरली, भाऊ स्वतः इतके दिवस महिन्याला पंधरा हजार धरून हिशेब मांडत होता. त्याला ईएमआयच वाटत होता.

खतावणी
ईएमआय असता तर ७८ महिन्यांना साडेवीस हजारांच्या आसपास आला असता, आणि सगळे हप्ते सारखे. इथे हप्ता २४ हजार सहाशेने सुरू होऊन उतरत उतरत शेवटी साडेपंधरा हजारांवर येईल. भावाला सांगा सुरुवातीचं वर्ष जड जाईल, नवीन मशीनवर ऑर्डर बसेपर्यंत. म्हणून मराठीत नुसतं "समान मासिक हप्ते" लिहू नका, "मुद्दलाचे हप्ते" लिहा. "समान हप्ता" म्हटलं की आपल्याकडे माणसाच्या डोक्यात ईएमआयच येतो.

अक्षरगंगा
मी भाषांतराचंच काम करते, जास्त करून सरकारी योजनांचं. इन्क्लूडिंगचं पण बघा. "८४ महिने, पहिले ६ महिने सवलत, नंतर हप्ते" असं वाचलं तर ६ अधिक ८४ असे ९० महिने पण कोणी धरेल. "सवलतीचे ६ महिने धरून एकूण ८४ महिने" असं लिहिलं की वाट चुकायला जागा राहत नाही. आणि हे ८४ कधीपासून मोजायचे तेही, मंजुरीच्या तारखेपासून की पहिल्या उचलीपासून?

रानजाई
पत्रात "फ्रॉम द डेट ऑफ फर्स्ट डिस्बर्समेंट" आहे. पहिली उचल झालेल्या तारखेपासून. हे मी मसुद्यात घेतलंच नव्हतं.

खतावणी
घ्या. आता व्याज. "९.२५ टक्के, बदलता" यात ९.२५ आला कुठून तेच निघून गेलं. काकांना हे कळायला हवं की बँक मनात येईल तसा दर बदलणार नाही, रेपो हलला की दर हलणार. छोट्या उद्योगांच्या बदलत्या दराच्या नव्या कर्जांना १ ऑक्टोबर २०१९ पासून बँकांना असा बाहेरचा निकष लावावाच लागतो आणि तीन महिन्यांतून किमान एकदा दर नव्याने ठरवावा लागतो, तुमच्या पत्रात क्वार्टर्ली आहे ते त्यामुळेच. म्हणून तीनही आकडे लिहा, रेपो, स्प्रेड म्हणजे त्यावर बँक लावते तो वरचा दर, आणि दोन्हींची बेरीज, आणि रेपोच्या पुढे "पत्राच्या तारखेस" हे शब्द.

कोकणकडा
पण रेपो तर डिसेंबर २०२५ मध्ये ५.२५ झाला ना? मग मराठीत ९.०० लिहायला पाहिजे, काकांना जुना दर कशाला दाखवायचा.

खतावणी
पत्राची तारीख काय आहे?

रानजाई
नोव्हेंबर २०२५ चं आहे. उचल अजून झालेली नाही, काकांच्या सहीवर अडलंय सगळं.

खतावणी
मग मराठीतही ५.५० आणि ९.२५ च. भाषांतर करणाऱ्याने पत्र दुरुस्त करायचं नसतं, जे कागदावर आहे ते यायला हवं. आज दर किती लागेल हा प्रश्न भावाने ब्रँचला विचारायचा आणि लेखी उत्तर घ्यायचं. त्याचं उत्तर वेगळ्या कागदावर काकांना दाखवा हवं तर. उद्या काका इंग्रजी पत्र कोणाकडून तरी वाचून घेतील आणि तिथे ९.२५ निघेल, मग तुमच्या बाकीच्या पानांवरही त्यांचा विश्वास बसणार नाही.

आणखी एक, स्प्रेड "कायम" आहे असं लिहू नका. पत्रात तसं नाही. खात्याची पत बदलली तर स्प्रेडचा एक भाग बदलू शकतो, असं कलम मागच्या पानांवर बहुधा असेल.

रानजाई
आहे, पान चारवर. बरं "मंथली रेस्ट्स" ला काय म्हणू? "मासिक विश्रांती" असं एका ठिकाणी बघितलं आणि हसून हसून पुरेवाट झाली.

अक्षरगंगा
अरे देवा. "व्याजाची आकारणी दरमहा होईल" पुरे आहे.

सातारी_कंदी
आणि पर ॲनमला द.सा.द.शे. लिहा, काकांच्या पिढीला "द.सा.द.शे. ९.२५" म्हटलं की लगेच कळतं, सोसायटीच्या पावत्यांवर आयुष्यभर तेच वाचलंय. फक्त पुढे परत "टक्के" लावू नका, दर शेकडा झालं की टक्के झालेच.

भाऊसाहेब_मिरजकर
तारणाबद्दल मी खात्रीने सांगतो. प्रायमरी म्हणजे पहिलं, कोलॅटरल म्हणजे दुय्यम. म्हणजे कर्ज थकलं तर बँकेने आधी मशीन विकायचं, ते कमी पडलं तरच घराकडे वळायचं. काकांना हे समजावलं की ते निश्चिंत सही करतील. "दुय्यम तारण" असंच लिहा.

खतावणी
साहेब, नेमकं हेच लिहू नये. प्रायमरी म्हणजे कर्जाच्या पैशातून जी वस्तू उभी राहिली ती, इथे मशीन. कोलॅटरल म्हणजे त्याशिवाय वरून दिलेलं, इथे घर. कोणतं आधी विकायचं याचा क्रम त्यात नाही. जामीनदाराचं तर कायद्यातच आहे, करार कायद्याचं कलम १२८, करारात वेगळं काही ठरलेलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच. बँक पहिल्या दिवशी काकांकडेही मागू शकते. प्रत्यक्षात ब्रँच बऱ्याचदा आधी मशीनकडे बघते हे खरं, पण तशी अट नाही. "दुय्यम" लिहिलंत तर काका तुमच्यावर विसंबून राहतील की माझी पाळी शेवटी. "मुख्य तारण" आणि "अतिरिक्त तारण" लिहा.

भाऊसाहेब_मिरजकर
कायद्याचं कलम असेल पण आमच्या इथे एका पार्टीची आधी गाडीच ओढून नेली होती, घराला हात नाही लावला.

खतावणी
तसं होतं, नाही म्हणत नाही. गाडी ओढायला सोपी असते म्हणून.

अक्षरगंगा
मला "अतिरिक्त" बद्दल थोडी शंका आहे. अतिरिक्त म्हणजे गरजेपेक्षा जास्त असंही वाचलं जातं, काका म्हणतील जास्तीचं आहे तर कशाला देऊ. मी "जोडतारण" वापरते. हिंदी फॉर्मवर "संपार्श्विक" असतं ते मात्र मराठीत उचलू नका, तो शब्द बँकेतल्या माणसालाही बोलता येत नाही.

खतावणी
जोडतारण चालेल. मला अतिरिक्त बरं वाटतं कारण इथल्या सहकारी बँकांच्या फॉर्मवर तेच बघत आलोय. एकच पकडा आणि पाचही पानांत तोच ठेवा, एका पानावर हे दुसऱ्यावर ते असं नको.

खरी काळजी वेगळी घ्या. तुमच्या मसुद्यात "मशिनरी व घर तारण राहील" असं एकाच वाक्यात दोन्ही आलंय, पण दोन्हींचा प्रकार वेगळा आहे. मशिनरी नजरगहाण, म्हणजे मशीन भावाच्याच ताब्यात, तो वापरणार, बँकेचा त्याच्यावर हक्क. घराचं गहाण मूळ दस्त बँकेत ठेवून. राहायला काकाच राहतील, पण खरेदीखत बँकेच्या कपाटात. आणि आपल्या महाराष्ट्रात अशा गहाणाची सूचना ३० दिवसांत दुय्यम निबंधकांकडे द्यावी लागते, ती गहाण देणाऱ्याने म्हणजे काकांनी द्यायची असते. त्याचा खर्च कोणी करायचा तेही पत्रात असतं, बघून घ्या.

रानजाई
"ऑल चार्जेस टू बी बोर्न बाय द बॉरोअर". म्हणजे भावाने.
घराच्या वर्णनात ९२.९० चौ. मी. लिहिलंय. काका गुंठ्यात बोलतात, गुंठ्यात करून टाकू का? एक गुंठ्याला थोडं कमीच होतंय.

सातारी_कंदी
नको!! "सुमारे एक गुंठा" लिहिलंत की संपलं. सिटी सर्व्हे नंबर, क्षेत्र, चतुःसीमा जसं पत्रात तसंच्या तसं उतरवा. काकांना तोंडी सांगा हजार फूट. कागदावर ९२.९०.

कोकणकडा
घराचा कागद परत मिळायचं काय? कर्ज फिटल्यावर ३० दिवसांत मूळ कागद द्यावेच लागतात, नाहीतर बँकेला दिवसाला ५००० दंड, रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. काकांना हे पण लिहून द्या, धीर येईल.

खतावणी
नियम खरा, २०२३ चा, पण तो वैयक्तिक कर्जांना लावलेला आहे, धंद्याच्या कर्जाला नाही. भाषांतरात तर मुळीच नको, कारण पत्रात ते नाही. त्याऐवजी एक गोष्ट शोधा. तारणाच्या कलमाच्या शेवटी कुठे असं आहे का की हे तारण कर्जदाराच्या सध्याच्या आणि भविष्यातल्या सर्व कर्जांसाठी राहील?

रानजाई
थांबा बघते.

रानजाई
आहे. पान तीनच्या तळाला बारीक अक्षरात. "शॉल आल्सो सिक्युअर ऑल अदर प्रेझेंट अँड फ्यूचर ड्यूज ऑफ द बॉरोअर". मी हे "इतर अटी लागू" मध्ये गुंडाळलं होतं.

खतावणी
हे स्वतंत्र ओळीत, ठळक. अर्थ असा की भावाने उद्या याच बँकेतून सीसी काढलं किंवा दुसरं लोन घेतलं तर काकांचं घर त्यालाही तारण. हे १२ लाख फिटले तरी दुसरं थकलेलं असेल तर बँक कागद अडकवून ठेवू शकते. काकांनी विचारायला हवं की हे फक्त या कर्जापुरतं करता येईल का. कधी कधी ब्रँच वरून मंजुरी आणून बदलून देते, कधी नाही देत. पण विचारायला तर कळलं पाहिजे ना त्यांना.

लेथवाला
याच्यावरून आठवलं, दंडव्याजाचं काय लिहिलंय तुमच्यात? माझ्या नवीन रिन्युअलमध्ये शब्द बदललाय.

रानजाई
"पीनल चार्जेस ॲट २ टक्के पर ॲनम ऑन द ओव्हरड्यू अमाउंट". मी दंडव्याज लिहिलंय, २ टक्के जादा.

खतावणी
"दंडात्मक शुल्क" करा. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२३ मध्ये सांगितलं की व्याजदर चढवून दंड घ्यायचा नाही, शुल्क म्हणून वेगळा घ्यायचा आणि त्या शुल्कावर पुन्हा व्याज लावायचं नाही. नव्या कर्जांना १ एप्रिल २०२४ पासून लागू झालं. आणि "२ टक्के जादा" तर अजिबात नको. जादा म्हटलं की काका समजणार दर ११.२५ झाला, सगळ्या १२ लाखांवर. मग महिन्याला दोन हजार रुपये दंड होतो. पत्रात थकलेल्या रकमेवर आहे. समजा सातव्या महिन्याचे २४,६३५ महिनाभर राहिले, तर त्याच्यावर शुल्क ४१ रुपये.

लेथवाला
४१?? मी उगाच घाबरून मित्राकडून उसने घेऊन भरले मागे.

खतावणी
भरलेत ते बरंच केलंत. ४१ रुपयांपेक्षा सिबिलचा फटका मोठा.

पैठणी_आणि_पॅनकार्ड
पण मला एक सांगा, नोटरी नाही, शिक्का नाही, मग या मराठी कागदाची किंमत काय? बँक तर इंग्रजीच धरणार.

खतावणी
हा प्रश्न चांगला आहे. बँक इंग्रजीच धरणार, म्हणून प्रत्येक पानावर खाली एक ओळ टाका: "हे भाषांतर माहितीसाठी असून मूळ इंग्रजी पत्र ग्राह्य धरावे." काकांनी सही इंग्रजीवरच करायची, मराठीवर बँकेने सही मागितली तरी आधी विचारा कशासाठी.

आणि रानजाई, हे तुमच्यासाठी. सही मराठीत असली की बँक बहुतेक वेळा एक घोषणापत्र घेते, की मजकूर मला समजेल अशा भाषेत वाचून समजावून सांगितला, आणि खाली समजावणाऱ्याची सही. तिथे तुम्हाला उभं करतील. सही करायला हरकत नाही, पण तुम्ही जे समजावलं तेच पत्र समोर आहे ना, पानं तीच आहेत ना, तारीख तीच आहे ना हे बघून.

भावाने केएफएस, म्हणजे कर्जाच्या मुख्य अटींचं पत्रक, पण मागावं. ऑक्टोबर २०२४ पासूनच्या एमएसएमई टर्म लोनला ते द्यावंच लागतं आणि कर्जदाराला समजेल त्या भाषेत. त्यात हप्त्यांचं सगळं वेळापत्रक असतं, तुमचं मराठी त्याच्याशी ताडून बघता येईल.

रानजाई
केएफएस मिळालंय, पण इंग्रजीत. भाऊ उद्या मराठी मागतो. वेळापत्रकात पहिल्या सहा ओळींत मुद्दल शून्य आणि व्याज ९,२५० च आहे, खतावणी काका तुम्ही म्हणालात तसंच. आता बदललेली कलमं:

"व्याजदर रेपो दराशी जोडलेला व बदलता राहील. पत्राच्या तारखेस रेपो दर ५.५०, अधिक स्प्रेड ३.७५, एकूण द.सा.द.शे. ९.२५. व्याजाची आकारणी दरमहा होईल. दर तीन महिन्यांनी व्याजदर नव्याने ठरवला जाईल."

"कर्जाची मुदत पहिल्या उचलीच्या तारखेपासून, मुद्दल न भरण्याचे सुरुवातीचे ६ महिने धरून, एकूण ८४ महिने. मुद्दलाची परतफेड ७८ मासिक हप्त्यांत, पैकी ७७ हप्ते प्रत्येकी रु. १५,३८५ (अक्षरी रुपये पंधरा हजार तीनशे पंच्याऐंशी) व शेवटचा हप्ता रु. १५,३५५ (अक्षरी रुपये पंधरा हजार तीनशे पंचावन्न). व्याज या हप्त्यांत धरलेले नाही. ते ज्या ज्या वेळी खात्याला लागेल त्या त्या वेळी, पहिल्या ६ महिन्यांतही, वेगळे भरावे लागेल."

"मुख्य तारण: या कर्जातून घेतलेली यंत्रसामग्री, नजरगहाण. अतिरिक्त तारण: मिरज येथील घर मिळकत, मूळ दस्त बँकेत ठेवून केलेले गहाण. हे तारण कर्जदाराच्या सध्याच्या व भविष्यातील इतर सर्व येण्यांसाठीही राहील. याखेरीज मिळकतधारकाचा वैयक्तिक जामीन."

अक्षरगंगा
"पहिल्या ६ महिन्यांतही" हे मूळ वाक्यात नाहीये, तू घातलंस. अर्थ बरोबर आहे पण नियमाने बघितलं तर भर आहे. मी असते तर ते वाक्यातून काढून खाली "भाषांतरकाराची टीप" म्हणून दिलं असतं.

खतावणी
मी ठेवलं असतं. पण अक्षरगंगांचं म्हणणं चुकीचं नाही, टीप केली तरी काका वाचतीलच.
"इतर सर्व येण्यांसाठी" मध्ये येणं कोणाचं हा घोळ होईल. "कर्जदाराकडून बँकेला येणे असलेल्या इतर सर्व रकमांसाठी" करा.
आणि एक विचारायचं राहिलं. जामीन एकट्या काकांचा म्हणताय. घराच्या मिळकत पत्रिकेवर नाव एकट्या काकांचंच आहे का?

रानजाई
घर आजोबांकडून आलंय, काकांच्या नावावर आहे असं सगळे म्हणतात. पत्रिका मी स्वतः बघितलेली नाही. आत्याचं नाव लागलं होतं की हक्कसोड झालं होतं, आईला विचारलं तर तिलाही नक्की माहीत नाही.

खतावणी
मग आधी उतारा काढा. आत्यांचं नाव निघालं तर त्यांच्या सहीशिवाय गहाण होणार नाही, आणि बँकेलाच पत्र बदलावं लागेल, तुमची पानं तीन आणि चार नव्याने करावी लागतील. बँकेच्या वकिलाचा टायटल सर्च रिपोर्ट झाला असेल तर त्याची प्रत भावाला मागता येईल, द्यायची की नाही ते ब्रँच ठरवते.

भाऊसाहेब_मिरजकर
सिटी सर्व्हे ऑफिसला जायचं असेल तर सकाळी जा, दुपारनंतर कोणी भेटत नाही. ऑनलाइनही मिळते पत्रिका, पण जुनं घर असेल तर फेरफाराच्या नोंदी समोर बसून वाचून घेतलेल्या बऱ्या.

रानजाई
सोमवारी सकाळी जाते. तोपर्यंत काकांना फक्त पहिली दोन पानं देते.